सहा सेकंदांची बम्पर जाहिरात कशी लिहावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या आणि मध्यम व्यवसायांसाठी जाहिरातींच्या संहिता लिहिताना उद्योजक, नवे लेखक आणि कधी कधी एडिटरही मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बम्पर जाहिरात म्हणजे नेमकी कोणती जाहिरात?

यूट्यूबवर एखाद्या व्हिडिओच्या आधी, मध्ये किंवा शेवटी लागणारी, जास्तीत जास्त ६ सेकंदांची आणि प्रेक्षकाला वगळता न येणारी जाहिरात म्हणजे बम्पर. गूगलने हा प्रकार २०१६ साली आणला. लोक मोबाइलवर लहान लहान व्हिडिओ पाहू लागले होते आणि दोन मिनिटांच्या व्हिडिओआधी अर्ध्या मिनिटाची जाहिरात कोणालाही सहन होत नव्हती. सहा सेकंद ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. साडेपाच सेकंदांत काम होत असेल तर उरलेला अर्धा सेकंद भरण्याचा अट्टहास करू नये.

संहिता लिहिताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर असावी. समोरचा माणूस आपली जाहिरात पाहायला आलेला नाही. तो पाककृती, कीर्तन, सामन्याची क्षणचित्रे किंवा मुलाच्या अभ्यासाचा धडा उघडून बसला आहे आणि आपण त्याच्या दारात सहा सेकंद उभे आहोत.

२. 'स्किप'चे बटण तर पाच सेकंदांनी येते. मग सहा सेकंद हा आकडा कुठून आला?

येथे दोन वेगळे प्रकार एकमेकांत मिसळले जातात. वगळता येणारी जाहिरात कितीही लांब असू शकते आणि तिच्यावर पाच सेकंदांनंतर 'स्किप'चे बटण येते. बम्परवर हे बटण कधीच येत नाही, ती पूर्ण चालते आणि संपते. वगळता न येणारी १५ सेकंदांची जाहिरात हा तिसरा प्रकार आहे आणि तिचा विचार या पानावर केलेला नाही.

या फरकाचा संहितेवर थेट परिणाम होतो. वगळता येणाऱ्या जाहिरातीचे पहिले पाच सेकंद प्रेक्षकाला थांबवण्यासाठी लिहावे लागतात. तिथे कुतूहल जागे करून उत्तर पुढे ढकलणे रास्त असते, कारण पुढे जागा आहे. बम्परमध्ये पुढे काहीच नाही. त्यामुळे कुतूहल निर्माण करून ते अर्धवट सोडणारी सुरुवात येथे निरुपयोगी ठरते.

बटण नाही म्हणून प्रेक्षक बांधलेला आहे, असे मात्र समजू नये. त्याचे बोट थांबलेले असले तरी नजर सहज निसटते. म्हणून बटण असो वा नसो, संदेश आणि नाव ही दोन्ही पाचव्या सेकंदाच्या आत एकदा तरी पोहोचलेली असावीत, असा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे. त्याचा एक व्यावहारिक लाभही आहे. तीच चित्रफीत पुढे मोठ्या, वगळता येणाऱ्या जाहिरातीची सुरुवात म्हणून वापरायची झाली, तर बटण दिसण्याआधी आपले सांगून झालेले असते.

३. सहा सेकंदांत मराठीचे किती शब्द बसतात?

नुसते भरायचे म्हटले तर दहा ते बारा. ऐकणाऱ्याला समजावेत असे म्हटले तर सहा ते आठ.

शब्द मोजण्यापेक्षा उच्चारातले ठोके मोजणे अधिक भरवशाचे आहे, कारण मराठीत 'वास' आणि 'उघडल्यानंतरसुद्धा' हे दोन्ही एकेकच शब्द आहेत. 'वास' हा एक ठोका आहे, 'मसाला' हे तीन. शांत, स्पष्ट आवाजात सेकंदाला साधारण पाच ठोके बोलता येतात, असा माझा अनुभव आहे. म्हणजे सहा सेकंद अखंड बोलले तर तीस ठोके होतात. पण अखंड बोललेल्या वाक्यात श्वासालाही जागा उरत नाही, चित्रातल्या आवाजालाही नाही आणि नाव वेगळे ऐकू येण्यासाठी लागणाऱ्या क्षणभराच्या शांततेलाही नाही. म्हणून पंधरा-सोळा ठोक्यांच्या पुढे मी शक्यतो जात नाही.

संहिता कागदावर वाचून वेळेचा अंदाज बांधू नये. मोबाइलवरचे स्टॉपवॉच लावून ती मोठ्याने, उभे राहून तीन वेळा वाचावी. मनातल्या मनात वाचताना आपण जोडाक्षरे गिळतो आणि विरामचिन्हांवर थांबत नाही. त्यामुळे मनात पाच सेकंदांत संपलेली ओळ रेकॉर्डिंगच्या वेळी सात सेकंदांची निघते. मग स्टुडिओत 'जरा पटकन म्हणा' अशी सूचना होते आणि आवाज देणाऱ्या कलाकाराचे सगळे कसब घाईत वाहून जाते.

४. आमच्या उत्पादनाची तीन वैशिष्ट्ये आहेत. तिन्ही महत्त्वाची आहेत. मग एकच संदेश कसा निवडायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो योग्यच आहे, कारण उद्योजकाने तिन्हींसाठी सारखेच कष्ट घेतलेले असतात. पण 'महत्त्वाचे' आणि 'सहा सेकंदांत दाखवता येण्याजोगे' या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि बम्परसाठी दुसरी कसोटी निर्णायक असते.

निवड करताना मी प्रत्येक वैशिष्ट्याला तीन प्रश्न विचारतो. हे एका कृतीतून दाखवता येते का? ती कृती प्रेक्षकाने स्वतःच्या घरात, दुकानात किंवा रस्त्यावर कधी केलेली आहे का? आणि आपल्या नावाच्या जागी प्रतिस्पर्ध्याचे नाव घातले, तर जाहिरात तशीच चालते का? पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' आणि तिसऱ्याला 'नाही' असे उत्तर देणारे वैशिष्ट्य बम्परसाठी घ्यावे. 'उत्कृष्ट दर्जा', 'विश्वासाची परंपरा', 'घरगुती चव' या दाव्यांची अडचण ते खोटे असण्याची नसते. ते तिसऱ्याच प्रश्नावर गळून पडतात, कारण बाजारातल्या प्रत्येक पाकिटावर ते छापलेले आहेत.

उरलेली वैशिष्ट्ये वाया जात नाहीत. त्यांचे स्वतंत्र बम्पर करता येतात (प्रश्न १२ पाहा). एका जाहिरातीत तीन गोष्टी कोंबल्या तर तीनपैकी एकही लक्षात राहत नाही. निर्मितीच्या खर्चात बचत म्हणून हा मार्ग सुचवला जातो, तेव्हा तीन संदेश दाखवण्याचा खर्च भरून शून्य संदेश पोहोचवला जात आहे, हे स्पष्ट सांगावे.

५. एक पूर्ण संहिता पहिल्या मसुद्यापासून अखेरपर्यंत लिहून दाखवाल का?

उदाहरणासाठी 'फोडणवेळ' हे कल्पित नाव घेऊ. कांदा-लसूण मसाला विकणारा व्यवसाय आहे आणि नुकतेच त्यांनी पाकीट बदलून झिपलॉकचे केले आहे, असे समजू. पहिला मसुदा बहुधा असा येतो :

*'तीन पिढ्यांची परंपरा, निवडक लवंगी मिरची, घरगुती चव, आणि आता नव्या झिपलॉक पाकिटात, फोडणवेळ कांदा-लसूण मसाला, आजच घरी आणा!'*

हे एकोणीस शब्द आणि साधारण सत्तेचाळीस ठोके होतात, म्हणजे नऊ सेकंदांहून अधिक. पण लांबी हा यातला लहान दोष आहे. परंपरा, मिरची, चव, पाकीट आणि खरेदीचे आवाहन अशा पाच गोष्टी एका रांगेत उभ्या आहेत आणि ज्या एका गोष्टीमुळे ही जाहिरात करायची ठरली, ते नवे पाकीट चौथ्या क्रमांकावर दडले आहे. दुसरा मसुदा त्या पाकिटावर येतो :

*'उघडलेल्या पाकिटातला मसाला आठ दिवसांत वास सोडतो. फोडणवेळचं झिपलॉक पाकीट वास टिकवतं.'*

येथे संदेश एकच आहे आणि तीस ठोक्यांत तो सहा सेकंदांत बसतोही. तरी मी तो पुढे पाठवणार नाही. 'आठ दिवसांत' हा दावा सिद्ध करावा लागेल. वाक्याचा अर्धा भाग अडचण समजावण्यात जातो, जी प्रत्येक स्वयंपाकघराला आधीच माहीत आहे. आणि सहाही सेकंद बोलण्यानेच भरल्यामुळे चित्राला स्वतःचे काही सांगायला उरत नाही. ही रेडिओची ओळ आहे.

आता शब्द बाजूला ठेवून कृती शोधू. मसाल्याचे पाकीट एकदा कापले की आपण काय करतो? तोंड दोन-तीनदा दुमडतो आणि त्याला रबर बँड लावतो. ही सवय इतकी घरोघरची आहे की ती दाखवली की सांगावी लागत नाही. तिसरा मसुदा येथून सुरू होतो :

*० ते २ सेकंद :* ओट्यावर उघडलेले पाकीट, पडदाभर मोठे, 'फोडणवेळ' हे नाव पूर्ण वाचता येईल असे. हिरव्या बांगड्यांचा एक वयस्क हात सवयीने रबर बँड ताणत पाकिटाकडे येतो. रबर ताणल्याचा बारीक आवाज.

*२ ते ३.५ सेकंद :* दुसरा, तरुण हात मध्ये येतो आणि पाकिटाच्या तोंडावरून एक बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. झिप बसल्याचा खरखरता, सलग आवाज. व्हॉइस-ओव्हर : 'बोट फिरवा, वास आत.'

*३.५ ते ४.५ सेकंद :* वयस्क हात क्षणभर थांबतो आणि रबर बँड स्वतःच्याच मनगटावर, बांगड्यांच्या मागे सरकवतो. बोलणे नाही.

*४.५ ते ६ सेकंद :* तेच पाकीट, त्याच जागी, आता बंद. नाव पडद्यावर. व्हॉइस-ओव्हर : 'फोडणवेळ मसाला.'

बोललेले शब्द सहा आणि ठोके सोळाच्या आत आहेत. 'झिपलॉक' हा शब्द कुठेही उच्चारलेला नाही, कारण ते काम बोट करते. मनगटावर जाणारा रबर बँड मात्र कापू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एडिटरला तो सेकंद मोकळा वाटेल आणि क्लायंटला तिथे 'आजच आणा' टाकावेसे वाटेल. पण रबरची गरज संपली, हा जाहिरातीचा सगळा युक्तिवाद त्या एका हालचालीत आहे.

६. ब्रँडचे नाव सुरुवातीला घ्यावे की शेवटी?

हा प्रश्न 'सुरुवातीला की शेवटी' असा मांडला की दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. नाव फक्त शेवटी आले तर प्रसंग लक्षात राहतो आणि तो कोणाचा होता ते विसरले जाते. फक्त सुरुवातीला आले तर प्रेक्षकाचे लक्ष बसण्याआधीच ते निघून जाते. माझ्या मते नाव प्रसंगाच्या आतच असावे, म्हणजे ज्या वस्तूभोवती कृती घडते त्या वस्तूवरच ते असावे. प्रश्न ५ मधल्या संहितेत नाव पहिल्या फ्रेमपासून पाकिटावर दिसते आणि कानावर मात्र एकदाच, शेवटी पडते. डोळ्यांनी वाचलेले नाव कानांनी ऐकले की ते पक्के बसते.

कोपऱ्यात पहिल्यापासून लोगो चिकटवून ठेवणे हा याला पर्याय नाही. वाहिन्यांच्या कोपऱ्यातल्या चिन्हांची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की नजर तिथे जातच नाही.

सेवा विकणाऱ्यांना वस्तूचा आधार नसतो, ही खरी अडचण आहे. शिकवणी वर्ग, दवाखाना किंवा प्रवासी कंपनी यांनी अशी जागा शोधावी जिथे त्यांचे नाव प्रत्यक्षात लिहिलेले असते आणि ग्राहकाचा हात लागतो : वहीचे मुखपृष्ठ, औषधाची पुडी, बसच्या दाराजवळची पाटी. तसे काही नसेल तर नाव संवादात आणावे. 'आई, मी … मध्येच जाणार' यातले नाव कोणी तरी खऱ्या कारणाने उच्चारलेले वाटते.

७. पुष्कळ लोक मोबाइलचा आवाज बंद ठेवतात. त्यांचे काय?

संहिता पूर्ण झाली की ती दोनदा तपासावी. एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावी आणि एकदा पडदा उलटा ठेवून फक्त ऐकावी. दोन्ही वेळा संदेश आणि नाव यांपैकी किमान नाव तरी पोहोचले पाहिजे. आवाज बंद असताना दोन्ही पोहोचावीत, असा प्रयत्न असावा.

पडद्यावरच्या मजकुराबाबत दोन सूचना पुरेशा आहेत. एका वेळी चार शब्दांपेक्षा जास्त मजकूर ठेवू नये आणि तो व्हॉइस-ओव्हरपेक्षा वेगळा नसावा. कानावर एक वाक्य आणि डोळ्यांसमोर दुसरे आले की मराठी वाचक दोन्ही अर्धवट सोडतो. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे, मोठ्या मॉनिटरवर सुबक दिसणारा टंक मोबाइलवर गिचमीड होतो. म्हणून मसुदा फोनवर पाठवून, फोन हातभर अंतरावर धरून वाचावा. फ्रेमच्या खालच्या पट्टीत काहीही लिहू नये, कारण तिथे जाहिरातीची खूण आणि बटणे येतात.

८. आमच्याकडे ३० सेकंदांची जाहिरात तयार आहे. तिच्यातून सहा सेकंद कापून चालतील का?

क्वचित चालतात. तीस सेकंदांच्या जाहिरातीची रचना चढणीची असते : ओळख, अडचण, वळण, मग उत्पादन. तिच्यातून शेवटचे सहा सेकंद कापले तर वळणाशिवाय उत्पादन उरते आणि सुरुवातीचे कापले तर उत्पादनाशिवाय ओळख उरते. शिवाय मूळ पार्श्वसंगीत मध्येच तुटते आणि ते प्रेक्षकाला लगेच जाणवते.

एकच परिस्थिती अपवाद आहे. मोठी जाहिरात पुष्कळ दाखवून झालेली असेल आणि तिच्यातला एखादा क्षण लोकांच्या ओळखीचा झाला असेल, तर तो क्षण बम्पर म्हणून आठवण करून देण्याचे काम उत्तम करतो. नव्याने चित्रीकरण करायचे असेल तर त्याच दिवशी बम्परसाठी दोन-तीन स्वतंत्र शॉट घेऊन ठेवावेत. सेट, कलाकार आणि प्रकाशयोजना तयारच असते. मात्र त्यासाठी बम्परची संहिता चित्रीकरणाआधी लिहिलेली हवी.

९. जिंगल घालावी का?

पूर्ण जिंगलला जागा नाही. तीन-चार सुरांची ओळखीची धून असेल तर ती नावाबरोबर, शेवटच्या दीड सेकंदात यावी. नसेल तर संगीताऐवजी प्रसंगातला खरा आवाज वापरावा. झिपची खरखर, कुकरची शिट्टी किंवा शटर वर जाण्याचा आवाज अर्ध्या सेकंदात जागा आणि वेळ सांगून जातो.

१०. फाइल बरोबर सहा सेकंदांची आहे, तरी बम्पर म्हणून घेतली जात नाही. असे का होते?

बहुतेक वेळा फाइल सहा सेकंदांहून किंचित मोठी असते आणि ते टाइमलाइनवर दिसत नाही. दोन कारणे मी वारंवार पाहिली आहेत.

पहिले कारण फ्रेमच्या वेगाचे आहे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १५० फ्रेम म्हणजे नेमके ६ सेकंद होतात. पण पुष्कळ कॅमेरे आणि सॉफ्टवेअर ज्याला ३० म्हणतात तो वेग प्रत्यक्षात २९.९७ असतो आणि त्यावर १८० फ्रेमना ६.००६ सेकंद लागतात. अशा काठावरच्या फाइलवर विसंबू नये.

दुसरे कारण आवाजाचे आहे. चित्र सहाव्या सेकंदाला थांबते, पण आवाजाचा पट्टा काही फ्रेम पुढे गेलेला असतो आणि फाइलची लांबी सर्वांत लांब पट्ट्यावरून ठरते. एका सणाच्या मोहिमेत आमच्या जाहिरातीच्या शेवटी घंटेचा नाद होता. तो विरत विरत आठ फ्रेम पुढे गेला होता आणि कानाला ते कळलेही नव्हते. सणाच्या सकाळी मोहीम सुरू करायला बसलो, तेव्हा बम्परचा पर्यायच मिळेना. एडिटर गावी गेलेला होता आणि मूळ प्रोजेक्ट त्याच्या संगणकावर होता. ती सकाळ हातची गेली, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती जाहिरात फक्त त्याच दिवसासाठी होती.

तेव्हापासून संहितेच्या पहिल्याच ओळीत मी लिहितो : '२५ फ्रेमच्या टाइमलाइनवर १४८ फ्रेम, आवाजासह.' म्हणजे ५.९२ सेकंद. दोन फ्रेम कमी झाल्याचे कोणालाही जाणवत नाही. फाइल हाती आल्यावर तिच्या गुणधर्मांत चित्र आणि आवाज या दोन्हींची लांबी पाहावी. सुरुवातीला किंवा शेवटी एखादी काळी फ्रेम राहिली नाही ना, हेही पाहावे. आणि व्हिडिओ यूट्यूबवर चढवताना तो 'खाजगी' ठेवू नये, कारण तसा व्हिडिओ जाहिरात म्हणून चालत नाही. सार्वजनिक यादीत नको असेल तर 'असूचीबद्ध' ठेवावा.

११. 'अटी लागू' किंवा वैधानिक सूचना सहा सेकंदांत कशी बसवायची?

सर्वांत अवघड अपवाद हाच आहे आणि त्याचा विचार संहिता लिहिण्याआधी व्हायला हवा.

मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्हिडिओ जाहिरातीतली खुलाशाची प्रत्येक ओळ चार सेकंदांहून अधिक काळ पडद्यावर राहणे अपेक्षित आहे. आता हिशोब करून पाहावा. एक ओळ असेल तर ती दुसऱ्या सेकंदाच्या आत यायला हवी आणि शेवटपर्यंत राहायला हवी. दोन ओळी असतील तर आठ सेकंद लागतात, म्हणजे त्या बम्परमध्ये बसतच नाहीत. म्हणून ज्या दाव्याला दोन ओळींचा खुलासा लागतो, तो दावा बम्परमध्ये करू नये. अक्षरे बारीक करून किंवा वेळ चोरून त्यावर तोडगा काढू नये. खुलासा दाव्याचे स्पष्टीकरण देऊ शकतो, पण मूळ दाव्याच्या विरुद्ध काही सांगू शकत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

म्युच्युअल फंडांच्या बाबतीत परिस्थिती आणखी घट्ट आहे. बाजारातील जोखमीचा इशारा पडद्यावर आणि आवाजात, असा दोन्हीकडे द्यावा लागतो आणि तो स्पष्ट कसा समजावा यासाठी सेबीच्या नियमांत १४ शब्द किमान पाच सेकंदांत, असे उदाहरण दिलेले आहे. सहातून पाच गेले की उरलेल्या एका सेकंदात संदेश आणि नाव दोन्ही मावत नाहीत. अशा उत्पादनासाठी १५ सेकंदांचा प्रकार निवडावा, असाच सल्ला मी देतो.

खाद्यपदार्थांत 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'ताजे', 'पारंपरिक' हे शब्द सहज लिहिले जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत अशा शब्दांच्या वापराला अटी आहेत. 'फोडणवेळ'च्या संहितेत यातला एकही शब्द नाही आणि तो योगायोग नाही. दाखवलेल्या कृतीला खुलाशाची गरज कमी पडते, मात्र ती कृती खरी असली पाहिजे. पाकीट प्रत्यक्षात एका बोटाने बंद होत नसेल, तर ती संहिता खोटी ठरते.

१२. एकापेक्षा जास्त बम्पर करायचे असतील तर ते एकमेकांना जोडावेत का?

गूगलच्या जाहिरात व्यवस्थेत जाहिराती ठरावीक क्रमाने दाखवण्याची सोय आहे. तरीही प्रत्येक बम्पर एकटा समजेल असाच लिहावा, कारण पुष्कळ प्रेक्षकांपर्यंत त्यातला एकच पोहोचतो. मांडणी तीच ठेवून संदेश बदलावा. तोच ओटा, तेच दोन हात, तेच पाकीट. एकदा रबर बँड, दुसऱ्यांदा चमचा, तिसऱ्यांदा डबा. ओळखीचे चित्र पुन्हा दिसले की प्रेक्षक समजून घेण्याचा पहिला सेकंद वाचतो.

१३. फोन नंबर, पत्ता किंवा सवलतीची तारीख घालता येईल का?

फोन नंबर घालू नये. दहा आकडे सहा सेकंदांत कोणी लिहून घेत नाही आणि जाहिरातीला दुवा जोडता येतोच. पत्त्याऐवजी एकच ओळखीची खूण द्यावी. 'एसटी स्टँडसमोर' हे दोन शब्द संबंधित गावात पूर्ण पत्त्याचे काम करतात.

सवलतीची तारीख घालता येते, पण मग तारीख हाच एकमेव संदेश होतो. 'रविवारपर्यंत' असे सांगायचे असेल तर त्या बम्परमध्ये पाकीट, चव, परंपरा यांपैकी काहीही नको. आणि रविवारी रात्री मोहीम थांबवण्याची जबाबदारी कोणाची, ते नावानिशी ठरलेले असावे.

१४. मराठीत करावी की हिंदीत? बोलीचा वापर करावा का?

ज्या गिऱ्हाइकाला विकायचे आहे त्याच्या स्वयंपाकघरात किंवा दुकानात जी भाषा बोलली जाते, त्या भाषेत करावी. प्रश्न ५ मधली संहिता हिंदीत नेताना शब्दाला शब्द ठेवून चालणार नाही. ठोके नव्याने मोजावे लागतील आणि ओळही नव्याने बांधावी लागेल. खुलासा असेल तर तोही जाहिरातीच्याच भाषेत द्यावा.

बोली वापरायची तर ती एका वाक्यात पूर्ण उतरली पाहिजे. कोल्हापुरी किंवा मालवणी हेल फक्त शेवटच्या शब्दाला लावला की तो नकली वाटतो आणि ज्यांच्यासाठी लावला त्यांनाच तो खटकतो.

मोहीम लावताना एक चूक टाळावी. 'मराठी' ही भाषा निवडली की सगळे मराठी प्रेक्षक मिळतात, असे नाही. पुष्कळ मराठी माणसांचा फोन इंग्रजीत असतो. भौगोलिक निवड आणि पाहिल्या जाणाऱ्या विषयांची निवड यांची जोड त्याला द्यावी लागते.

१५. जाहिरात चालली, पण व्हिडिओखालचा पाहिल्याचा आकडा वाढलाच नाही. पैसे वाया गेले का?

नाही. बम्परचे दर हजार वेळा दाखवण्याच्या हिशोबाने आकारले जातात आणि ती दाखवली गेल्याने व्हिडिओखालचा सार्वजनिक आकडा वाढत नाही. तुमचे खरे आकडे मोहिमेच्या अहवालात असतात : ती किती वेगवेगळ्या लोकांपर्यंत गेली आणि एका माणसाला सरासरी किती वेळा दिसली. दुसरा आकडा विशेष पाहावा. एकाच माणसाला आठवड्यात वीस वेळा तेच बोट तेच पाकीट बंद करताना दिसले, तर त्याला चीड येते. वारंवारतेची मर्यादा मोहीम सुरू करतानाच घालावी.

क्लिक कमी येतात म्हणूनही खट्टू होऊ नये. सहा सेकंदांनंतर माणूस त्याला हवा असलेला व्हिडिओ पाहायला जातो आणि त्याने तसेच करावे. लहान व्यवसायासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत जुनीच आहे. मोहीम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पाच-सहा दुकानदारांना एकच प्रश्न विचारायचा : गिऱ्हाईक आमचा माल काय म्हणून मागते? आधी 'तो लाल पाकिटातला मसाला द्या' असे उत्तर येत असेल आणि नंतर काही जण नाव घेऊन किंवा 'ते बोटाने बंद होणारं पाकीट' असे म्हणून मागू लागले असतील, तर संदेश आणि नाव यांपैकी कोणते पोहोचले तेही त्या शब्दांवरून कळते. पुढच्या बम्परमध्ये कशाला जास्त वेळ द्यायचा, ते यावरूनच ठरवावे.